माडीवरचा उणे १०९

२ जुलै २०१० रोजी ॲपल कंपनीने आयफोन ४ च्या ग्राहकांना एक पत्र लिहिले. फोन विशिष्ट पद्धतीने हातात धरला की रेंजच्या दांड्या पटापट उतरतात, अशी तक्रार तेव्हा जगभर गाजत होती. कंपनीने त्या पत्रात मान्य केले की किती दांड्या दाखवायच्या हे ठरवणारे आपले सूत्रच साफ चुकीचे आहे आणि कित्येक ठिकाणी जिथे दोन दाखवायला हव्यात तिथे फोन चार दाखवतो. त्याच सुमारास ॲनंडटेक या संकेतस्थळाच्या चाचणीकारांनी आकडे काढले, तेव्हा त्या फोनवर उणे ५१ पासून उणे ९१ पर्यंत सगळीकडे पूर्ण पाचच दांड्या दिसत होत्या. या दोन टोकांमध्ये ४० डेसिबलचे अंतर आहे, म्हणजे एका टोकाची शक्ती दुसऱ्याच्या दहा हजार पट. फोनच्या लेखी दोन्ही सारखेच होते.

दांड्यांसाठी सगळ्यांना बांधील असे कोणतेही प्रमाण तेव्हा नव्हते, आजही नाही. अँड्रॉइडमध्ये कोणत्या आकड्याला कितवी दांडी हे मोबाइल कंपनीला आपल्या सेटिंगमधून बदलता येते. त्यामुळे एकाच टेबलावर ठेवलेल्या दोन फोनवर वेगळ्या दांड्या दिसल्या तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. पण दांड्यांच्या मागचा आकडा फोनला ठाऊक असतो आणि तो बघण्याची सोय फोनमध्येच असते. कंपन्यांच्या तंत्रज्ञांसाठी ठेवलेली ही पाटी म्हणजे फील्ड टेस्ट मेनू. तो उघडायला ना पैसे लागतात, ना फोनशी छेडछाड करावी लागते.

आयफोनवर नंबर लावतो त्याच कीपॅडवर पुढची पहिली ओळ टाइप करून कॉलचे बटण दाबायचे. सॅमसंगच्या बऱ्याच फोनवर दुसरी ओळ चालते. इतर अनेक अँड्रॉइड फोनवर तिसरी ओळ टाकली की कॉल न लावताच एक पान उघडते, त्यात फोनची माहिती असे कलम असते.

```
*3001#12345#*
*#0011#
*#*#4636#*#*
```

काही कंपन्यांनी आपल्या फोनवर हे कोड बंद ठेवले आहेत. तिथे सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ या भागातल्या सिमच्या माहितीत सिग्नलचा निदान एक आकडा मिळतो, किंवा नेटमॉन्स्टरसारखे एखादे ॲप घेता येते. सावधगिरी एवढीच की तिसऱ्या कोडच्या पानावर नेटवर्कचा प्रकार बदलण्याचा पर्यायही असतो. तिथे बोट लागून फक्त 4G निवडले गेले आणि त्या सिमवर 4G वरून बोलण्याची सोय नसेल, तर फोन येणे-जाणे थांबते. आपण वाचायला आलो आहोत, तेव्हा वाचून बाहेर पडावे.

डेसिबल म्हटले की आपल्याकडे गणपतीतल्या डीजेच्या भिंती आठवतात. पण या मापाचा जन्म टेलिफोनच्या तारांसाठी झाला. मैलोन्‌मैल तारेत आवाज किती विरतो हे मोजायला अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या अभियंत्यांनी १९२० च्या दशकात ते घडवले आणि अलेक्झांडर ग्रॅहम बेलचे नाव त्याला दिले. हे माप पटीत चालते: १० डेसिबल म्हणजे दहा पट, २० म्हणजे शंभर पट आणि ३ म्हणजे जवळजवळ दुप्पट. फोनवर दिसणाऱ्या डीबीएममध्ये मोजणीची सुरुवात एका मिलिवॉटपासून होते. एक मिलिवॉट म्हणजे शून्य डीबीएम. उणे ९० म्हणजे त्या मिलिवॉटचा अब्जावा भाग आणि उणे १०० म्हणजे त्याचाही दहावा. म्हणून इथले सगळे आकडे उणे असतात आणि शून्याच्या जितके जवळ तितके बरे. उणे ९८ हे उणे १०९ पेक्षा ११ डेसिबलने वर आहे, म्हणजे बारा-तेरा पट शक्तिमान.

4G च्या पानावर पहिल्यांदा शोधायचे ते RSRP हे नाव. टॉवर आपली ओळख पटवण्यासाठी काही ठरावीक खुणेचे संकेत सतत सोडत असतो. त्यातला एकेक संकेत आपल्यापर्यंत किती शक्तीने पोचतो, ते RSRP सांगते. उणे ८० च्या वर असेल तर टॉवर अगदी जवळ आहे असे समजा. उणे ९० च्या आसपास सगळे सुखाने चालते. उणे १०० च्या खाली गेल्यावर भिंती, झाडे आणि आपले स्वतःचे शरीर यांचा फरक जाणवू लागतो, आणि उणे ११५ ते १२० ला फोन कसाबसा तग धरून असतो. याच पानावर कधी RSSI नावाचा दुसरा आकडा दिसतो आणि तो २५-३० डेसिबलने चांगला असतो. त्याच्या मोहात पडू नये. तो त्या पट्ट्यातल्या सगळ्या शक्तीची बेरीज आहे, त्यात आपला टॉवर, शेजारचे टॉवर आणि निव्वळ गोंगाट हे सगळे आले. एका फोनचा RSSI आणि दुसऱ्याचा RSRP यांची तुलना करून भांडणे होतात, ती त्यामुळेच फुकट जातात.

RSRP फक्त जोर सांगतो. लग्नाच्या मांडवात शेजारचा माणूस मोठ्याने बोलत असला तरी बँड चालू असेल तर शब्द कळत नाहीत, आणि रात्री सामसूम झाल्यावर तोच माणूस कुजबुजला तरी कळतो. हा फरक मोजणारा आकडा म्हणजे SINR. आपल्या टॉवरचा संकेत बाकीच्या गोंगाटापेक्षा किती डेसिबलने वर आहे, ते तो दाखवतो. २० च्या पुढे उत्तम, १० ते १५ चांगला, शून्य म्हणजे संकेत आणि गोंगाट बरोबरीत, आणि उण्यात गेला की जोर कितीही असो, नेट रडते. माझ्या मते एकच आकडा बघायची मुभा असेल तर हाच बघावा. दांड्या मुख्यतः जोरावर बेतलेल्या असतात, म्हणून त्या नेमक्या इथे फसवतात.

देवगड तालुक्यातल्या एका वाडीत माझ्या मावशीचे घर आहे. चिऱ्याच्या जाड भिंती, मधोमध माजघर, वर कौलाखाली माडी. मावसभाऊ तिथून पुण्यातल्या कंपनीचे काम करतो. माजघरात तीन दांड्या दिसतात म्हणून त्याने टेबल तिथे मांडले होते, पण मीटिंगमध्ये समोरच्याचे चित्र सारखे गोठायचे. आम्ही फील्ड टेस्ट उघडली. माजघरात बँड ५, RSRP उणे ९८, SINR १, पट्ट्याची रुंदी ५ मेगाहर्ट्झ. मग माडीवर खिंडीकडे तोंड असलेल्या खिडकीपाशी गेलो. तिथे दांड्या दोनच होत्या. आकडे असे: बँड ३, RSRP उणे १०९, SINR १२, रुंदी १० मेगाहर्ट्झ. मावशी खालून म्हणाली, “अरे, वर दोनच दांडे दिसतत, थय कित्याक बसतस?”

तिच्या प्रश्नाचे उत्तर बँडच्या स्वभावात आहे. बँड ५ म्हणजे ८५० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी, बँड ३ म्हणजे १८०० च्या. वारंवारता कमी तितकी लहर दूर जाते आणि भिंतीतून आत शिरते. मोकळ्यावरसुद्धा ८५० ची लहर १८०० च्या तुलनेत साडेसहा डेसिबल कमी गमावते, चिऱ्याच्या भिंतीआड तर हे अंतर आणखी वाढते. माजघरात बँड ३ शेजारी म्हणून यादीत दिसत होता, पण उणे १२४ वर. म्हणजे माडीवरून खाली येईपर्यंत त्याने १५ डेसिबल गमावले होते, शक्तीच्या हिशेबात तिसावा हिस्साच उरला होता.

मग घरात शिरणारा बँड ५ चांगला का नाही? कारण दूर जाण्याचा तोच गुण इथे उलटतो. 4G मध्ये एका कंपनीचे शेजारशेजारचे सगळे टॉवर बहुधा एकच वारंवारता वापरतात. कोकणात डोंगराच्या माथ्यावर टॉवर असतो, खाली खाडी असते, आणि पाण्यावरून लहर बिनअडथळा लांब जाते. त्या घरात एका टॉवरचा बँड ५ उणे ९८ वर येत होता आणि खाडीपलीकडचा दुसरा उणे १०० च्या आसपास. आपल्या फोनला हवा असलेला पहिला, आणि दुसरा त्याच्यासाठी निव्वळ गोंगाट. SINR १ निघाला तो यामुळे. माडीच्या खिडकीतून खिंडीतला एकच टॉवर दिसत होता, बाकीचे डोंगराने झाकले होते. जोर कमी, पण ऐकू येणारे सारे आपलेच.

याचा वेगावर काय परिणाम होतो, ते क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली मांडलेल्या सूत्राने काढता येते. वाहिनीची कमाल क्षमता तिची रुंदी आणि संकेत-गोंगाटाचे गुणोत्तर या दोन गोष्टींवर ठरते.

```
C = B × log2(1 + S/N)
```

माजघरात SINR १ डेसिबल, म्हणजे गुणोत्तर १.२६. रुंदी ५. उत्तर येते सेकंदाला सुमारे ६ मेगाबिट. माडीवर १२ डेसिबल, म्हणजे गुणोत्तर जवळजवळ १६, आणि रुंदी १०. उत्तर सुमारे ४१ मेगाबिट. ही एका अँटेनाच्या हिशेबाची मर्यादा झाली, ती त्या टॉवरवरच्या सगळ्या गिऱ्हाइकांत वाटली जाते आणि प्रत्यक्षात हाती बरेच कमी येते. तरी दोन जागांमधली तफावत सात पटींची आहे आणि ती दांड्यांच्या अगदी उलट दिशेने आहे.

माडीवर गेल्या गेल्या फोन बँड ३ वर आला नाही, हेही सांगायला हवे. तो माजघरातलाच बँड ५ धरून होता. फोन कोणता बँड घेतो हे त्याच्या मर्जीवर नसते. कोणत्या बँडला अग्रक्रम द्यायचा आणि हातातला संकेत कितीपर्यंत घसरला की दुसरा शोधायचा, याचे नियम टॉवर त्याला सांगतो. उणे ९८ त्या नियमांच्या हिशेबात पुरेसा चांगला होता. विमान मोड लावून काढला की फोन नव्याने शोध घेतो, तेव्हा बँड ३ मिळाला. पाटीवर टॉवरच्या पंख्याचा क्रमांकही असतो, PCI नावाचा, ० ते ५०३ मधला. तो बदलला की आपण दुसऱ्या टॉवरवर किंवा त्याच टॉवरच्या दुसऱ्या बाजूच्या अँटेनावर गेलो, हे कळते. एका जागी बसूनही PCI दर मिनिटाला दोन क्रमांकांमध्ये हेलपाटे घालत असेल, तर ती जागा दोन टॉवरांच्या सीमेवर आहे. तिथे बोलताना आवाज तुटतो.

मोजण्याची थोडी शिस्त लागते. वायफाय बंद करून एखादा व्हिडिओ चालू ठेवावा, म्हणजे फोन टॉवरशी प्रत्यक्ष बोलत राहतो. काही फोन त्याशिवाय SINR दाखवतच नाहीत. फोन हातात न धरता लाकडी स्टुलावर ठेवावा आणि मिनिटभर आकडा कुठे घुटमळतो ते पाहावे, कारण चार-पाच डेसिबलची वरखाली नेहमीची आहे. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, कुठे भर पडते तर कुठे एकमेकींना खातात. १८०० मेगाहर्ट्झची लहर सतरा सेंटिमीटरची असते, त्यामुळे फोन वीतभर सरकवला तरी आकडा बदलू शकतो. एका वाचनावरून टेबल हलवू नये.

एवढे करूनही कधी आकडे चांगले आणि नेट मंद, असे होते. तेव्हा तिसऱ्या आकड्याकडे जावे. RSRQ हा खुणेच्या संकेताचे त्या पट्ट्यातल्या एकूण शक्तीशी असलेले प्रमाण सांगतो. टॉवर रिकामा असेल तर तो उणे ३ च्या दिशेने वर येतो, टॉवर गच्च भरला की उणे ११ किंवा त्याखाली जातो. मावशीच्या माडीवर सकाळी सातला RSRP उणे १०९, RSRQ उणे ८. रात्री नऊला RSRP तोच, RSRQ उणे ११, आणि वेग पाव हिस्सा. सिग्नल जागच्या जागी होता, सारी वाडी जेवून मोबाइल घेऊन बसली होती. या गर्दीवर खिडकी बदलून उपाय होत नाही.

पावसाळ्यातले दुखणे आणखी वेगळे. या वारंवारतांना पावसाची सर फारशी अडवत नाही. ओली झाडे मात्र काही डेसिबल खातात, ते RSRP मध्ये दिसते. पण मुसळधार पावसात RSRP, SINR सगळे जागच्या जागी आणि तरी काहीच उघडत नाही, असे झाले तर दोष बहुधा टॉवरच्या मागे असतो. डोंगरावरचे कित्येक टॉवर पुढच्या जगाशी मायक्रोवेव्हच्या तबकडीने जोडलेले असतात. तिची वारंवारता कितीतरी जास्त असते आणि ती पावसात खरोखर मंदावते. वीज जाऊन टॉवरची बॅटरी संपली असेल, तर तो PCI च पाटीवरून नाहीसा होतो. फील्ड टेस्ट फोन ते टॉवर एवढाच टप्पा दाखवते, त्यापुढचे हे असे वजाबाकीने ओळखावे लागते.

आपल्याकडे कोणते बँड भेटतील, हेही ठाऊक असावे. जिओने २०१६ मध्ये बँड ३, ५ आणि ४० वर 4G सुरू केले. एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाकडे ९०० मेगाहर्ट्झचा बँड ८ लांब पल्ल्यासाठी आहे. बँड ४० म्हणजे २३००. पट्टा रुंद, वेग भरपूर, पण भिंतीपुढे दुबळा, शिवाय त्यात पाठवणे आणि घेणे एकाच पट्ट्यात आळीपाळीने होते आणि पाठवण्याच्या वाट्याला थोडाच वेळ येतो. 5G साठी n78 म्हणजे ३३०० च्या आसपासचा पट्टा, तर जिओचा n28 हा ७०० चा. वाचन तसेच करायचे, फक्त n78 चा चांगला आकडा एका खोलीपुरता असू शकतो.

मावसभावाला समोरचे नीट ऐकू यायला लागले, तरी पहिल्याच मीटिंगमध्ये पुण्याहून तक्रार आली की तुझा आवाज तुटतो. याचे कारण RSRP मध्ये दिसत नाही, कारण तो एकाच दिशेचा आकडा आहे. टॉवर एका पट्ट्यावर ४० वॉटपर्यंत शक्ती ओततो, फोनला मात्र २०० मिलिवॉटची, म्हणजे २३ डीबीएमची मर्यादा आहे. टॉवरचे आपल्याला ऐकू येते, आपले टॉवरपर्यंत जेमतेम जाते. काही फोनच्या पाटीवर Tx Power असा आकडा असतो. तो २२-२३ ला टेकलेला असेल तर फोन जिवाच्या आकांताने ओरडतो आहे. तो गरम होतो, बॅटरी उतरते आणि आवाज तुटतो. माडीवर नेमके तेच चालले होते. खिडकीच्या गजाबाहेर, वळचणीच्या आत एक फळी ठोकून फोन तिथे ठेवला आणि लॅपटॉप त्याच्या हॉटस्पॉटवर जोडला. RSRP उणे १०९ वरून उणे १०२ वर आला. ७ डेसिबल म्हणजे पाच पट. ही पाच पट सूट जाण्याच्या दिशेलाही लागू होते. Tx Power १६ पर्यंत उतरला आणि तुटणे थांबले.

बाजारात मिळणारा सिग्नल बूस्टर लावावा का, असे तो विचारत होता. परवान्याशिवाय तो लावणे भारतात बेकायदा आहे, आणि तांत्रिकदृष्ट्याही त्याने माजघरातला प्रश्न सुटला नसता. बूस्टर संकेताबरोबर गोंगाटही तेवढाच मोठा करतो. RSRP उणे ९८ चा उणे ७० झाला असता, पाचही दांड्या उजळल्या असत्या आणि SINR तिथेच, एकवर राहिला असता. शिवाय असे बूस्टर टॉवरच्या कानात स्वतःचा गोंगाट ओततात, मग आसपासच्या सगळ्यांचे कॉल तुटतात.

बँड ५ च्या त्या गोंधळावर खरा इलाज कंपनीच्या हाती आहे, खाडीपलीकडच्या टॉवरची अँटेना काही अंश खाली झुकवण्याचा. त्यासाठी तक्रारीत “नेट चालत नाही” एवढे लिहून भागत नाही. आम्ही लिहिले ते असे: घराचे ठिकाण, तारीख आणि वेळ, बँड ५, दोन्ही PCI, दोन्हींचे RSRP आणि SINR १, सकाळी आणि रात्री दोन्ही वेळा तोच. सोबत पाटीचे स्क्रीनशॉट जोडले. असा मजकूर रेडिओ विभागातल्या अभियंत्याकडे पोचला की त्याला कोणत्या टॉवरची कोणती बाजू तपासायची ते पहिल्याच ओळीत कळते.